इस्ट्रोजेन कमी होतंय म्हणतात, मग अंगावरून इतकं का जातंय?

ओवी

माझं वय ४६. पाळीची नोंद मी कॉलेजपासून वहीत ठेवते, म्हणून आकडे नेमके देते. या वर्षी दोन पाळ्यांमधलं अंतर आधी २७ दिवस, मग २५, मग ३३, मग २४. त्यानंतर तब्बल ७१ दिवस काहीच नाही. मला वाटलं, झालं, संपली पाळी. आणि बहात्तराव्या दिवशी जे सुरू झालं ते सतरा दिवस झाले तरी थांबेना.

पहिले तीन दिवस दोन तासांच्या आत पॅड पूर्ण भिजायचं. रात्री एकला आणि चारला गजर लावून उठत होते. मोठ्या नाण्याएवढ्या गाठी पडत होत्या. सहाव्या दिवशी नुसते डाग, म्हणून जरा हायसं वाटलं, तर आठव्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसासारखं. बाराव्या दिवशी पूर्ण बंद, तेराव्या दिवशी परत सुरू.

सतराव्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. "या वयात चालायचंच" म्हणाले आणि दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या दहा दिवसांसाठी लिहून दिल्या. दोन दिवसांत थांबलं. गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अंगावरून जायला लागलं. म्हणजे गोळी लागूच पडली नाही ना?

आणि खरा प्रश्न असा की या वयात इस्ट्रोजेन कमी होतं असं सगळीकडे वाचते. ते कमी झालं तर अस्तर पातळ व्हायला हवं आणि रक्त कमी जायला हवं. मग हे उलटं का?

रानजाई

ओवी, अगदी माझीच गोष्ट लिहिलीस. मला सांगितलं होतं की अंडाशय थकतात, हार्मोन्स कमी पडतात आणि त्यामुळे पाळीचं वेळापत्रक बिघडतं. हार्मोन संपत आलं की शरीर धरून ठेवू शकत नाही, म्हणून जास्त जातं. दोन वर्षांत आपोआप थांबतं असं म्हणाले. माझं अजून चालू आहे.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गर्भाशयाच्या अस्तराचे नमुने तपासण्यात बावीस वर्षं गेली, म्हणून या धाग्यावर थोडं सविस्तर लिहिते.

रानजाई, अंडाशय थकतात हे बरोबर. पण पहिल्यांदा कमी पडतं ते इस्ट्रोजेन नव्हे, प्रोजेस्टेरॉन. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

अंडाशयात बीजपुटकं भरपूर असतात तोपर्यंत ती इनहिबिन नावाचं हार्मोन सोडून मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला "पुरे" असं सांगत असतात. वयानुसार पुटकं कमी होतात आणि हा लगाम सैल पडतो. पिट्युटरी मग एफएसएच वाढवते, म्हणजे उरलेल्या पुटकांना जास्त जोराने हाकलते. त्या रेट्याखाली ती कधीकधी तिशीत बनवत होती त्याहूनही जास्त इस्ट्रोजेन बनवतात, तर कधी अगदीच कमी. त्यामुळे या काळातली इस्ट्रोजेनची रेघ सरळ उतरत नाही, ती वर-खाली उसळत राहते. कायमची खाली जाते ती अगदी शेवटी, पाळी बंद होण्याच्या आसपास.

आता प्रोजेस्टेरॉन कुठून येतं? स्त्रीबीज सुटल्यावर मागे जो पिवळा पिंड राहतो, त्यातून. बीज सुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. ओवी, तुझ्या ७१ दिवसांत हेच झालं असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. पुटकं वाढत राहिली, इस्ट्रोजेन येत राहिलं, अस्तर वाढत गेलं, पण बीज सुटलं नाही.

नेहमीच्या पाळीत प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि सगळ्या अस्तराला एकाच वेळी निरोप मिळतो. तळाशी असलेल्या वळणदार रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अस्तर गळतं, आणि चार-सहा दिवसांत दुकान बंद होतं. प्रोजेस्टेरॉन नसलेल्या अस्तराला तो निरोप मिळतच नाही. ते वाढत वाढत इतकं जाड आणि ठिसूळ होतं की जिथे जमेल तिथे तुकड्या-तुकड्याने ढासळतं, आणि त्या जागच्या रक्तवाहिन्या नीट आवळल्याही जात नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली हे इतकं स्पष्ट दिसतं की एकदा पाहिलं की विसरता येत नाही. बीज सुटल्यानंतर दोन-तीन दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात झाडून सगळ्या ग्रंथींच्या पेशींत केंद्रकाच्या खाली एकेक छोटी पांढरी पोकळी असते, जणू सगळ्यांनी एकाच दिवशी गणवेश घातला आहे. तुझ्यासारख्या नमुन्यात तसं काही नसतं. एक ग्रंथी फुगलेली, शेजारची अरुंद, तिसरी वाकडी. एका कोपऱ्यात आधारपेशी कोसळून त्यांचे गडद निळे गोळे झालेले, आणि काचपट्टी जरा सरकवली की शेजारी जिवंत, वाढत असलेलं अस्तर. म्हणजे एका टोकाला पाळी चालू आणि दुसऱ्या टोकाला अजून बांधकाम चालू. तुझा सहावा, आठवा, बारावा आणि तेरावा दिवस याच नकाशाप्रमाणे चालले आहेत. एक तुकडा गळून संपतो, मधेच इस्ट्रोजेन पुन्हा वर जाऊन काही जखमा भरून काढतं, म्हणून थांबतं, मग दुसरा तुकडा ढासळतो.

ओवी

हे वाचताना अंगावर काटा आला. बारावा दिवस कोरडा का गेला याचं उत्तर मला कुणीच दिलं नव्हतं.

मग २५ आणि २४ दिवसांच्या पाळ्या कशामुळे? त्या तर लवकर आल्या.

काचपट्टी

तोच सैल लगाम. एफएसएच आधीच चढलेलं असल्यामुळे पुढचं पुटक लवकर कामाला लागतं, कधीकधी तर पाळी येण्याआधीच. त्यामुळे पहिला अर्धा भाग आखूड होतो. बहुतेक जणींत आधी अशी कमी-जास्त अंतरं दिसतात आणि पुढे ६० दिवसांहून मोठे खंड पडू लागतात. तुझी वही बघितली तर हा प्रवास एका वर्षाच्या ओळीत दिसतो.

गोळ्यांबद्दल. तीनदा घ्यायच्या म्हणजे बहुधा नॉरएथिस्टेरॉन, हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं. ढासळणारं अस्तर ते धरून ठेवतं, म्हणून दोन दिवसांत थांबलं. गोळी बंद केली की शरीराला तोच "निरोप" मिळतो आणि धरून ठेवलेलं अस्तर एकत्र गळतं. तिसऱ्या दिवशी आलेलं रक्त म्हणजे गोळीचा परिणाम आहे, अपयश नव्हे. ते साधारण आठवडाभरात संपायला हवं. गोळी घेत असतानाच रक्त येत राहिलं असतं तर मात्र मला काळजी वाटली असती. आणि डॉक्टरांनी हे आधी सांगायला हवं होतं.

सुनंदा_क

मी स्त्रीरोग विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. ७१ दिवस पाळी नव्हती, तेव्हा गरोदरपणाची चाचणी केली का? वय ४६ असलं तरी मधूनमधून बीज सुटतंच. दिवस गेलेत हे माहीतच नाही आणि गर्भपाताचा रक्तस्राव "पाळी जायची वेळ" समजून घरी काढला, अशा बायका मी पाहिल्या आहेत.

आणि पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय, असं लागोपाठ दोन तास किंवा जास्त चाललं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

निशिगंधा

मी गोंधळले आहे. माझं वय ४५, पाळी अजून महिन्याच्या महिन्याला येते. गेल्या आठवड्यात सोनोग्राफीत अस्तर १४ मिमी आलं. नेटवर वाचलं की ४ मिमीच्या वर असेल तर कर्करोगाची शक्यता. तीन रात्री झोपले नाही.

काचपट्टी

निशिगंधा, सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली?

निशिगंधा

बावीस किंवा तेवीस असेल.

काचपट्टी

मग झोप. ४ मिमीचा आकडा फक्त त्या बायकांसाठी आहे ज्यांची पाळी पूर्ण १२ महिने बंद आहे आणि नंतर रक्त दिसलं आहे. पाळी चालू असताना अस्तर दर महिन्याला वाढतं आणि गळतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात १४ असणं नेहमीचं आहे. पाळी चालू असलेल्या बाईत नुसत्या जाडीवरून कर्करोग आहे किंवा नाही असं ठरवता येत नाही, दोन्ही बाजूंनी. जाडी कमी आली म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही, रक्तस्राव विचित्र असेल तर. रिपोर्टमध्ये अस्तर एकसारखं आहे की आत एखादा गोळा दिसतो, हे जास्त महत्त्वाचं.

अनघा५३

बायांनो, मला वाचून धीर आला. माझी पाळी गेल्या वर्षी थांबली होती. आता चौदा महिन्यांनी परत सुरू झाली. फार नाही, चार दिवस तपकिरी डाग. मला वाटलं होतं म्हातारपण आलं, पण ओवीसारखं मधे खंड पडून परत येऊ शकते हे कळलं.

काचपट्टी

अनघाताई, कृपा करून हे वेगळं समजा. ओवीचा खंड ७१ दिवसांचा होता, तुमचा चौदा महिन्यांचा. एक वर्ष पाळी नसल्यावर जे येतं त्याला पाळी म्हणत नाहीत. एकच डाग असो, तपकिरी असो, गुलाबी असो, त्याची तपासणी व्हायलाच हवी. आतून केलेली सोनोग्राफी, आणि अस्तर जाड दिसलं किंवा रक्त परत आलं तर नमुना.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. असा रक्तस्राव झालेल्या दहा बायकांत साधारण नऊ जणींत कर्करोग नसतो. बऱ्याचदा अस्तर कोरडं, पातळ झालेलं असतं किंवा एखादा पॉलिप. पण अस्तराचा कर्करोग असलेल्या बहुतेक बायकांना पहिली खूण हीच मिळते, आणि ती लवकर मिळते, म्हणून तो वेळेत सापडू शकतो. हा आठवडा जाऊ देऊ नका.

अनघा५३

मुलीला सांगितलं. सोमवारची वेळ घेतली आहे.

वाटसरू

इथे पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? पत्नी ४४ वर्षांची. पाळी घड्याळासारखी २८ दिवसांनी येते, रक्तही बेताचं. पण गेले चार महिने मधल्या दिवसांत डाग पडतात, आणि दोनदा संबंधांनंतर रक्त आलं. तिच्या मैत्रिणींनी हार्मोन्सचं आहे, होईल बरं असं सांगितलं. तिची पॅप टेस्ट मागच्या वर्षी नॉर्मल होती, म्हणून आम्हीही शांत होतो.

सुनंदा_क

चालेल, बरं केलंत विचारलंत. हे ओवीच्या प्रकारात बसत नाही. हार्मोनच्या गडबडीत तारखाच विस्कटतात. तारखा पक्क्या आणि मधेच डाग, याचा अर्थ बीज नियमित सुटत असावं आणि रक्त दुसऱ्या कुठून तरी येत असावं. गर्भाशयाच्या आत पॉलिप असेल, मुखाला सूज किंवा जखम असेल, किंवा आणखी काही. संबंधांनंतरचं रक्त म्हणजे डॉक्टरांनी स्पेक्युलम लावून गर्भाशयाचं मुख डोळ्यांनी बघायलाच हवं. मागच्या वर्षीची पॅप टेस्ट असली तरी.

काचपट्टी

सुनंदाताईंशी पूर्ण सहमत. त्यात भर एवढीच की पॅप टेस्ट मुखाच्या पेशींची असते. आतल्या अस्तराबद्दल ती जवळपास काही सांगत नाही. "पॅप नॉर्मल, म्हणजे पिशवी नॉर्मल" हा गैरसमज मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकते.

तळ्यातमळ्यात

थोडं वेगळं मत मांडते. प्रत्येक गोष्टीला तपासणी, नमुना, दुर्बीण. माझ्या मोठ्या बहिणीला अगदी ओवीसारखंच तीन वर्षं होत होतं. तिने काही केलं नाही, एकावन्नाव्या वर्षी थांबलं, आज ठणठणीत आहे. माझा स्वतःचा नमुना काढला तेव्हा जीव गेला असं दुखलं, आणि रिपोर्ट आला "नमुना अपुरा". म्हणजे काही नव्हतंच ना? उगाच त्रास.

काचपट्टी

दुखलं हे खरं आहे, आणि आधी वेदनाशामक देणं, गरज पडली तर भूल देणं हे मागून घ्यायला हवं. त्याबद्दल बायकांना गप्प बसवलं जातं ते चूक.

पण "अपुरा" म्हणजे "नॉर्मल" नव्हे. मी तो शब्द लिहिते तेव्हा माझ्यासमोर काचेवर रक्त आणि पेशींचे दोन-चार तुकडे असतात, ज्यांवरून मी होही म्हणू शकत नाही आणि नाहीही. तुमचं रक्त जाणं थांबलं नसेल तर तो प्रश्न अजून उघडाच आहे. बारीक नळीने काढलेल्या नमुन्यात पॉलिप अनेकदा हुकतो, कारण नळी न बघता फिरते. तेव्हा दुर्बिणीने बघून नमुना घेतात.

बहिणीचं चांगलं झालं, आनंद आहे. बहुसंख्य जणींचं तसंच होतं. फक्त कोणत्या जणीचं होणार हे आधी बाहेरून कळत नाही. वर्षानुवर्षं प्रोजेस्टेरॉनशिवाय इस्ट्रोजेन मिळत राहिलं तर थोड्या जणींमध्ये अस्तराची वाढ बेसुमार होते, ज्याला हायपरप्लेझिया म्हणतात. पेशी बिघडलेल्या नसतील तर तो हार्मोनच्या उपचाराने बहुतेक वेळा मागे जातो. बिघडलेल्या असतील तर कर्करोगाकडे जाण्याची भीती खरी असते.

तळ्यातमळ्यात

ठीक. पण मग चाळिशीनंतरच्या प्रत्येक बाईचा नमुना काढायचा का? माझ्या डॉक्टर आणि माझ्या मावसबहिणीच्या डॉक्टर, दोघी उलट बोलतात.

काचपट्टी

यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की ४५ वर्षं किंवा अधिक वय आणि अनियमित रक्तस्राव असेल तर नमुना हीच पहिली पायरी. ब्रिटनमध्ये धोक्याच्या खुणा बघून ठरवण्याकडे कल आहे, आणि नळीपेक्षा दुर्बिणीने बघून घेण्याकडे. दोघींचे डॉक्टर चुकीचे असतीलच असं नाही.

मी स्वतः कुणाच्या बाबतीत थांबणार नाही ते सांगते. वजन बरंच जास्त असेल तर, कारण चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं. आयुष्यभर पाळी लांबणारी, पीसीओएस असलेली. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणारी. घरात कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल तर. आणि उपचार सुरू करून तीन-सहा महिने झाले तरी रक्त तसंच जात असेल तर. या जणींच्या बाबतीत वय ४५ च्या आत असलं तरी मी नमुना मागेन. ज्यांच्या बाबतीत यातलं काहीच नाही, त्यांच्याबद्दल मी हट्ट धरणार नाही.

रानजाई

एक प्रश्न. एफएसएचची रक्त तपासणी करून कळत नाही का, हा काळ सुरू झालाय की नाही? माझ्या मैत्रिणीने केली, नॉर्मल आली, तर तिला सांगितलं की तुझा हा काळ सुरूच नाही.

सुनंदा_क

तो आकडा आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा. वर काचपट्टींनी लिहिलंय ना, इस्ट्रोजेन उसळतं म्हणून, त्याच्यासोबत हाही उसळतो. पंचेचाळिशीनंतर तारखा विस्कटल्या तर तेवढ्यावरून समजतं. त्यापेक्षा त्याच सुईने हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघून घ्यावं, कारण अंगावरून जाणाऱ्या बायकांची दमछाक तिथे सापडते.

ओवी

तीन आठवड्यांनी आले.

गरोदरपणाची चाचणी दुसऱ्याच दिवशी केली, नाही आली. सुनंदाताई, तुमच्यामुळे लक्षात आलं. दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, वही दाखवली. त्यांनी ती पाच मिनिटं शांतपणे वाचली. मला तिथेच रडू आलं. सोनोग्राफीत फायब्रॉइड नाही, पिशवीची भिंत ठीक. वय आणि सतरा दिवसांचा रक्तस्राव बघून त्यांनी नमुना घ्यायचं ठरवलं. आधी दुखण्याची गोळी मागितली, दिली. दोन मिनिटं जोराची कळ आली, नंतर सहन होईल इतपत.

रिपोर्टमध्ये शब्द आहेत "डिसऑर्डर्ड प्रोलिफरेटिव्ह एंडोमेट्रियम विथ ब्रेकडाउन". हायपरप्लेझिया नाही, कर्करोग नाही. हिमोग्लोबिन ९.१. फेरिटिन ६. गेलं वर्षभर जिना चढताना मधे का थांबत होते ते आता कळलं.

काचपट्टी

तोच नमुना. मी वर लिहिलं होतं तेच चित्र, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी पाहिलं. हा कर्करोगपूर्व बदल नाही. फेरिटिन ६ म्हणजे लोहाची कोठी रिकामी आहे. हिमोग्लोबिन आधी सुधारतं, पण कोठी भरायला त्यानंतरही काही महिने लागतात, तेव्हा हिमोग्लोबिन बारावर गेलं की लोहाच्या गोळ्या लगेच सोडू नकोस.

ओवी

दोन मार्ग दिले आहेत. एक, दर महिन्याला ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. दुसरा, हार्मोन सोडणारी तांबी, जी बरीच वर्षं चालते. तांबीने पहिले महिने डाग पडतात असं सांगितलं. आत्ताच इतक्या रक्तातून बाहेर आले आहे, पुन्हा डाग म्हटलं की पोटात गोळा येतो. कुणी बसवली आहे का?

निशिगंधा

माझ्या वहिनीला बसवली आहे. तिला चार महिने रोज थोडे थोडे डाग होते, पातळ पॅड पुरायचं. पाचव्या महिन्यानंतर जवळजवळ काहीच नाही. पण तिच्यासोबत बसवलेल्या एकीने डाग आवरेनात म्हणून सहाव्या महिन्यात काढून टाकली.

सुनंदा_क

दोन्ही खरं आहे. तीन ते सहा महिने डाग येतात, आणि काहींना ते नाहीच सोसत. तू डॉक्टरांना विचार की सहा महिन्यांनंतरही डाग राहिले तर पुढे काय करणार. नुसते "बघू" म्हणाले तर तारीख मागून घे.

अनघा५३

माझी सोनोग्राफी झाली. अस्तर ९ मिमी. गुरुवारी दुर्बिणीने बघणार आहेत.

काचपट्टी

बरं झालं लगेच गेलात, अनघाताई. गुरुवारनंतर इथे लिहा, मी बघत असते.